घराचा दुखवटा

भोसरी गावाच्या थोडं बाहेर, दिघीकडं जाणाऱ्या गाडीवाटेवर सोपानरावांचा मळा होता आणि मळ्यात घर होतं. घर फार जुनं नव्हतं. सोपानराव आणि त्यांची बायको गोजाबाई गावातल्या थोरल्या घरातून वेगळे निघाले, तेव्हा दोघांनी मिळून ते उभं केलं होतं. माती गोजाबाईनं तुडवली, कच्च्या विटा सोपानरावांनी पाडल्या. पुढची सोप्याची बाजू कौलारू होती आणि मागं गवतानं शाकारलेली पडवी. पडवीच्या मागं कडब्याची गंजी.

पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, त्या सुमाराची ही गोष्ट. होळी नुकतीच झाली होती. गव्हाची काढणी चालली होती, त्यामुळं घरची सगळी माणसं खालच्या वावरात होती. शेजारच्या एकानं बांधावरचं वाळलं गवत पेटवलं. दरवर्षी सगळेच पेटवतात. पण दुपारी वारा फिरला आणि ठिणगी गंजीवर आली.

धूर दिसला तेव्हा गोजाबाईला वाटलं, बांधच जोरात पेटलाय. मग धुराचा रंग बदलला. सगळे धावत आले तोवर गंजीवरून आग पडवीवर आली होती आणि पडवीच्या वाशांवरून पुढच्या घरात शिरली होती. विहीर होती, पण मोट सोडून पाणी उपसायला वेळ कुठला? घागरी, बादल्या, हाताला लागेल ते घेऊन गावची माणसं आली. ज्यानं बांध पेटवला होता तो सगळ्यांच्या पुढं होता; त्याचे दोन्ही हात भाजले. दावं कापून गाय सोडवली. सोपानराव दोनदा आत गेले आणि एक पत्र्याची पेटी ओढून बाहेर आले. ती बियाण्याची निघाली. गोजाबाईच्या कपड्यांची शेजारीच होती. तिसऱ्यांदा ते आत जाऊ लागले तेव्हा चौघांनी त्यांना धरून ठेवलं. आढं कोसळलं तेव्हाच लोक पाणी ओतायचे थांबले.

माणूस कुणी दगावलं नाही. जनावर दगावलं नाही. दुसऱ्या दिवशी तलाठी आणि पोलीस पाटील येऊन पंचनामा करून गेले, आणि त्यांनीही जाताना हेच म्हटलं.

सोपानरावांची आई अंबुबाई थोरल्या मुलाकडं गावातल्या घरात राहायची. तिनं त्याच संध्याकाळी गोजाबाईला, सोपानरावांना आणि त्यांच्या दोन्ही मुलींना घरी नेलं. मागची खोली रिकामी करून दिली. जाऊबाईनं आपली दोन लुगडी दिली, गावातून कुणी तांब्या आणला, कुणी वाकळ, कुणी पायलीभर ज्वारी. कुणी हात आखडला नाही. गोजाबाईनं हे सगळं नंतर कितीदा तरी सांगितलं, आणि कृतज्ञतेनं सांगितलं.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. येणारा बसायचा, पाणी प्यायचा आणि म्हणायचा, "जीव वाचले, हे काय थोडं झालं?" दुसरा म्हणायचा, "घर काय, माती-लाकडाचं. हात-पाय शाबूत हायेत, पुन्हा बांधाल." एकजण म्हणाला की कुणाकडं तरी याहून वाईट झालं होतं, आणि ते कसं झालं हे त्यानं सविस्तर सांगितलं. अंबुबाई म्हणायची, "बरंच झालं एका अर्थी. लेकरं माघारी आली. आता चूल एकच राहील." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. लेक वेगळा निघाला तेव्हा ती महिनाभर नीट जेवली नव्हती.

गोजाबाई सगळ्यांना 'व्हय' म्हणायची. ती रडली नाही. पहाटे उठून जावेच्या बरोबरीनं दळायची, शेण काढायची, भाकऱ्या थापायची. कुणी समोर बसलं की मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायची. बायका म्हणायच्या, खंबीर आहे हो. अंबुबाईलाही ते बरं वाटायचं. एकदा धाकट्या मुलीनं आपल्या बाहुलीसाठी भोकाड पसरलं तेव्हा अंबुबाईनं तिला दटावलं होतं, की भरल्या घरात, माणसं धडधाकट असताना रडायचं नाही, अवदसा येते.

पिंपळे गुरवला राहणाऱ्या कौशल्याबाईला ही बातमी उशिरा कळली. कौशल्याबाई आणि गोजाबाई दोघी चाकणच्या, एका आळीतल्या. एकत्र शेण्या वेचल्या, एकत्र कांदे खुरपले, आणि एका उन्हाळ्यात मागंपुढं दोघींची लग्नं झाली. कौशल्याबाईचे यजमान दौलतराव पिंपरीच्या कारखान्यात कामाला होते. त्यांच्या पाळीत भोसरीचा एकजण होता, त्यानं सांगितलं. दौलतरावांनी घरी येऊन चपला काढायच्या आधी बायकोला सांगितलं, आणि म्हणाले, "उद्या जाऊन ये तू. मी सुट्टीच्या दिवशी सोपानरावांना भेटतो."

सकाळी कौशल्याबाईनं एका धडुत्यात बाजरीचं पीठ, बेसन, तिखट-मीठ बांधून घेतलं. एक लुगडंही काढलं होतं, पण ते परत ठेवलं. लुगडी लोकांनी दिली असणार. देणाऱ्याच्या आवडीच्या रंगाचं लुगडं अंगावर घेऊन गोजा बसलेली तिला आत्ताच दिसत होती. पवनेला पाणी कमी होतं. उताराच्या जागेवरून ती नदी ओलांडून कासारवाडीला आली आणि तिथून शेतातल्या वाटेनं भोसरीकडं चालू लागली.

वाटेत ती काय बोलायचं याचा विचार करत होती. माणूस गेल्यावर काय बोलायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिथं बोलायलाच फारसं लागत नाही. नुसतं जाऊन बसलं तरी चालतं. पण घर गेल्यावर काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

अंबुबाईनं तिचं चांगलं स्वागत केलं. गोजाबाई आतून आली, हसल्यासारखं केलं, आणि शेजारी बसली. जाऊबाईनं चहा टाकला. मग कौशल्याबाईच्या तोंडून तेच निघालं, जे सगळ्यांच्या तोंडून निघत होतं.

"पोरी सुखरूप हायेत, गोजे. देवानं..."

पुढचं ती बोलली नाही. कारण गोजाबाईनं 'व्हय' म्हटलं, आणि त्या एका शब्दाबरोबर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटलं. कौशल्याबाई तिला लहानपणापासून ओळखत होती. चाकणच्या आळीत गोजाला मार बसायचा तेव्हा ती असाच चेहरा करून उभी राहायची आणि मारणारा दमेपर्यंत तशीच राहायची.

कौशल्याबाईनं कपबशी उचलली. चहा पिऊन झाला. अंबुबाई बोलत होती, ते तिनं ऐकून घेतलं. दोघी तशाच शेजारी-शेजारी बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं, अंबुबाई उठून गोठ्याकडं गेली तेव्हा, कौशल्याबाईनं विचारलं, "घराकडं गेली होतीस का गं तू, त्यानंतर?"

गोजाबाईनं मान हलवली. जाऊ दिलं नव्हतं. ह्यांचं म्हणणं, बघून काय करायचं, जिवाला त्रास. पुरुषमाणसंच जाऊन वाशांचे तुकडे बाजूला करत होती.

"तुला जायचंय का?"

गोजाबाई लगेच उठली. अंबुबाईला सांगितलं फक्त, की मळ्यात जाऊन येतो. अंबुबाईनं नापसंतीनं पाहिलं, पण पाहुणीसमोर अडवलं नाही.

घराच्या भिंती उभ्या होत्या. आतल्या बाजूनं त्या लाल झाल्या होत्या. कच्च्या विटा आगीनं भट्टीतल्यासारख्या भाजून निघाल्या होत्या. वर आभाळ. जमिनीवर फुटक्या कौलांचा खच आणि त्याखाली राख. एका कोपऱ्यातून अजून बारीक धूर निघत होता आणि भाजलेल्या ज्वारीचा वास येत होता. तिथं धान्याची कणगी होती. वरून पाणी मारलं तरी धान्य आतल्या आत दिवसचे दिवस धुमसत राहतं.

वास चांगला होता. हुरड्यासारखा. गोजाबाई उंबरा होता तिथं उभी राहिली आणि म्हणाली, "बघ की. भूक लागावी असा वास येतोय."

कौशल्याबाई तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग तिनं विचारलं, "काय काय गेलं, सांग मला."

"सगळंच गेलं."

"सगळं म्हंजी काय? मी एकदाच आले होते इथं. मला ठावं न्हाई. एकेक सांग."

गोजाबाईनं तिच्याकडं पाहिलं. चेष्टा करते की काय, असं क्षणभर तिला वाटलं असावं. मग ती आत गेली, कौलांवर पाय देत. इथं उतरंड, म्हणाली. तळाला मोठा रांजण, त्यावर डाळीचं मडकं, त्यावर कुळथाचं, आणि सगळ्यात वर एक इवलंसं, त्यात काहीच नसायचं, पण उतरंड तेवढी उंच दिसावी म्हणून ठेवलेलं. इथं जातं. जातं होतं तिथंच होतं, पण वरची तळी दुभंगली होती. तापलेल्या दगडावर कुणीतरी गार पाणी ओतलं असणार. त्या जात्याच्या खुंट्याला तिचा हात इतका सवयीचा होता की जावेच्या जात्यावर दळताना तिच्या तळव्याला फोड आला होता. तिनं तो फोड दाखवला.

इथं ह्यांचं अंथरूण. इथं आमचं. चार गोधड्या होत्या. त्यातली एक गोजाच्या आईच्या लुगड्यांची. आई गेल्यावर भावजयीनं लुगडी वाटून टाकली तेव्हा हिनं तीन मागून घेतली होती आणि एक पावसाळाभर बसून शिवली होती. बाळंतपणात अंगावर तीच. "आईचा वास कधीच गेला व्हता त्यातनं," ती म्हणाली, "पण मला येत व्हता."

कौशल्याबाई म्हणाली, "ते हिरवं, मोठ्या काठाचं व्हतं तुझ्या आईचं, ते घातलं व्हतंस का त्यात?"

"मधोमध."

"मला आठवतंय. तुझ्या आईनं माझ्या लग्नात नेसलं व्हतं."

गोजाबाई तिथं बसली, राखेतच. कौशल्याबाईही बसली. देवघराच्या जागी गोजाबाईनं हातानं राख चाळायला सुरुवात केली, आणि थोड्या वेळानं तिच्या हाताला चांदीचा एक गोळा लागला. खंडोबाचा टाक, भवानीचा टाक आणि सासऱ्यांचा टाक, तिन्ही वितळून एक झाले होते. एका बाजूला घोड्याचा अर्धा पाय ओळखू येत होता. सासऱ्यांचा कुठला भाग ते कळत नव्हतं.

तो गोळा मांडीत ठेवून गोजाबाई बोलू लागली, आणि आता ती थांबेना. तिनं घर बांधल्याचं सांगितलं. सातव्या महिन्यात ती चिखल तुडवत होती आणि सासू म्हणायची, एवढी कसली घाई. ही पुढची भिंत ओली असताना तिनं हात उमटवला होता, तो नंतर लिंपणात गेला, पण तिला ठाऊक होतं कुठं आहे. लोक म्हणतात माती-लाकडाचं. व्हय, माती-लाकडाचंच व्हतं. मीच तुडवली ती माती. आता सासूच्या घरात परत. माणसं चांगली आहेत, कुणी काही बोलत नाही, पण मीठ घ्यायचं तरी विचारून घ्यावं लागतं.

मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "कौशे, ह्यांना म्या सांगितलं व्हतं."

"काय?"

"गंजी लांब रचा म्हणून. दिवाळीनंतर, कडबा बांधला तवाच. ह्ये म्हनले, पाऊस आला की आणायला जवळ बरी. म्या दोनदा सांगितलं."

ती इतके दिवस का बोलत नव्हती, हे कौशल्याबाईच्या आत्ता ध्यानात आलं. लोक खंबीर म्हणत होते. पण तोंड उघडलं असतं तर पहिलं हेच बाहेर आलं असतं, आणि मग ते सगळ्यांच्या देखत, सोपानरावांच्या समोर आलं असतं. म्हणून तिनं तोंडच उघडलं नव्हतं.

'त्यांची काय चूक, वारा फिरला' असं म्हणणं सोपं होतं. ते खरंही होतं. कौशल्याबाई म्हणाली, "सांगितलं व्हतंस खरं."

एवढंच. गोजाबाईच्या खांद्याला हिसका बसल्यासारखं झालं आणि मग ती रडली. तोंडात पदर न कोंबता रडली. कौशल्याबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच दिला, थोपटलं नाही, उगी म्हटलं नाही.

परत जाण्याऐवजी कौशल्याबाई मळ्याशेजारच्या वस्तीवर गेली. तिथल्या विमलबाईला तिनं चूल मागितली. सोबत आणलेल्या पिठाच्या भाकऱ्या केल्या, बेसनाचं पिठलं केलं, आणि ते झाकून घेऊन गोजाबाईबरोबर गावातल्या घरी आली. ओसरीवर ताट मांडून म्हणाली, "आज इथली चूल पेटवू नका. हे खा."

अंबुबाईनं झाकण उचललं. पिठलं-भाकरी पाहिली, गोजाबाईचे सुजलेले डोळे पाहिले, आणि तिचा चेहरा काळवंडला. ज्या घरात माणूस जातं त्या घरची चूल बंद असते आणि सोयरे पिठलं-भाकरी घेऊन येतात. कडू घास म्हणतात त्याला. हे त्या घरातल्या लहान पोरीलाही कळत होतं.

"कोण मेलंय इथं?" अंबुबाई म्हणाली. "माझी पोरं जित्ती हायेत. तू कडू घास घेऊन आलीस माझ्या दारात?"

जाऊबाई दारातच थबकली. कौशल्याबाईला भीती वाटली. आपण फार केलं, असंही तिला वाटलं. ती हात जोडून म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या लेकरांना देव शंभर वर्षं आयुष्य देवो. म्या वाईट चिंतून न्हाई आणलं. पर हिचं घर गेलंय. हिनं ते पोटच्यावानी वाढवलं व्हतं. त्याचं दुःख हिला करू द्या. लोक येत्यात आन गेलंच न्हाई काही असं बोलून जात्यात. मग हिनं कुणापाशी रडायचं?"

अंबुबाई म्हणाली की असली रीत तिनं जन्मात पाहिली नाही. ताट उचलून गाईला घालायला तिनं थोरल्या सुनेला सांगितलं. जाऊबाई जागची हलली नाही.

सोपानराव त्याच वेळी अंगणात आले होते. ते कधीपासून उभे होते कुणाला ठाऊक नव्हतं. आग लागल्यापासून त्यांनीही फार बोलणं टाकलं होतं. येणाऱ्या पुरुषमाणसांना ते तंबाखू पुढं करायचे आणि विहिरीच्या पाण्याच्या गोष्टी काढायचे. त्यांनी पाय धुतले, ओसरीवर आले आणि त्या ताटासमोर बसले. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, पण तोंडात घातला नाही.

"गंजी लांब रच म्हनली व्हती ही," ते आईला म्हणाले. बायकोकडं त्यांनी पाहिलं नाही. "म्याच न्हाई ऐकलं."

गोजाबाई पुढं आली आणि त्यांच्या समोर बसली. त्याच ताटातली अर्धी भाकरी तिनं घेतली. दोघांनी खाल्लं. मुली आल्या, त्यांनाही दिलं. अंबुबाई उठून आत गेली आणि कौशल्याबाई जाईपर्यंत बाहेर आली नाही.

निघताना कौशल्याबाई 'येते' म्हणाली नाही. दुखवट्याच्या घरातून निघताना म्हणत नाहीत. गोजाबाईनं ते ओळखलं. ती वेशीपर्यंत मागोमाग चालत आली आणि तिथं थांबली.

सुट्टीच्या दिवशी दौलतराव आले. त्यांना बायकोनं सगळं सांगितलं होतं, आणि एक गोष्ट बजावली होती, की गंजीचा विषय दाजींनी काढला तर 'तसं काही नाही' म्हणू नका, आणि त्यांनी नाही काढला तर तुम्ही काढू नका. दौलतराव आणि सोपानराव मळ्यात गेले. दिवसभर दोघांनी कौलांतून धड कौलं निवडून बाजूला रचली. दौलतरावांना वाटलं होतं काहीतरी बोलावं लागेल. एकदाच सोपानराव म्हणाले की घरात तिसऱ्यांदा शिरायला मिळालं असतं तर तिची पेटी आणली असती. दौलतराव म्हणाले, "कळतंय मला." आणि पुन्हा दोघं कौलं निवडू लागले.

लोकांचं येणं नंतर थांबलं. तसं ते थांबतंच. ज्याची त्याची कामं असतात, आणि ज्वारी, तांब्या, वाकळ देऊन झालेलं असतं. कौशल्याबाई मात्र अधूनमधून येत राहिली. कधी काळवंडलेली तांब्याची भांडी चिंच आणि राख लावून घासायला बसायची, कधी नुसती बसायची. गोजाबाईचं मन एकसारखं नसायचं. एकदा ती आनंदात होती, कुठल्याशा लग्नाचं हसत सांगत होती, आणि दळणाचा विषय निघाला तशी उठून गोठ्याकडं गेली. एकदा ती कौशल्याबाईवरच चिडली, म्हणाली तुझं काय जातंय, तुझं घर जागेवर हाय. कौशल्याबाईला लागलं ते. ती त्या दिवशी लवकर उठली. पण पुढच्या खेपेला ती आली, आणि झालेल्या बोलण्याचा विषय दोघींनीही काढला नाही.

टाकाच्या गोळ्याचं काय करायचं हा प्रश्न होता. सोपानरावांचे थोरले भाऊ म्हणाले सोनाराला देऊन त्याच चांदीचे नवे टाक घडवून घ्यावेत. अंबुबाईनं तो गोळा हातात घेतला. आतापर्यंत तिनं तो पाहिला नव्हता. ती बराच वेळ तो फिरवून बघत राहिली, बोटानं चाचपत राहिली.

"ह्यात ह्ये कुठं हायेत?" तिनं विचारलं.

ती नवऱ्याबद्दल विचारत होती. गोजाबाई म्हणाली, ते कळत नाही.

अंबुबाईनं गोळा पदरात घेतला आणि ती भिंतीला टेकून बसली. कडू घासाबद्दल ती काही बोलली नाही, मागचं काही काढलं नाही. पण त्या दिवशी ती जेवली नाही, आणि गोजाबाईनंही तिला जेवायचा आग्रह केला नाही. नुसती शेजारी बसली. दुसऱ्या दिवशी सासू-सुना दोघी मळ्यात गेल्या. पुरुषांनी मोठी लाकडं हलवली होती, राख तशीच होती. दोघींनी ती पाट्या भरभरून उचलली. शेतात टाकायला बरी, असं सोपानराव म्हणाले होते, पण अंबुबाईनं त्यातली पहिली पाटी वेगळी काढायला लावली, आणि तो गोळाही. इंद्रायणीच्या डोहात तिनं दोन्ही सोडलं. नवे टाक नव्या चांदीचे करा, म्हणाली.

त्यानंतर तिनं कौशल्याबाईला माफ केलं असं म्हणता येणार नाही. ती तिच्याशी नीट बोलायची, चहा द्यायची, पण त्या ताटाचा राग तिच्या मनातून कधीच पूर्ण गेला नाही. मात्र चूल एकच राहील, हे पुन्हा कधी ती बोलली नाही. पावसाळ्याआधी सोपानराव म्हणू लागले की यंदा राहू दे, मीही कारखान्यात नाव घालून बघतो, घराचं पुढं पाहू. तेव्हा अंबुबाईच म्हणाली, "तिला तिचं घर बांधून दे आधी."

बांधायला दिवाळीनंतरचाच मुहूर्त लागला. भिंती त्याच ठेवायच्या की पाडायच्या यावर दोघा नवरा-बायकोत बोलणं झालं. भाजलेल्या विटा पक्क्या असतात, ठेवू, असं गवंडी म्हणत होता. गोजाबाईनं दोन दिवस विचार केला आणि पुढची भिंत ठेवायची, बाकीच्या पाडायच्या असं ठरवलं. वर पत्रा घातला. मागं पडवी काढलीच नाही. गंजी सोपानरावांनी पार विहिरीपलीकडं, बांधाच्या टोकाला रचली, आणि कडबा आणायला रोज तेवढं चालत जाऊ लागले.

वास्तुशांतीला गाव आलं. बायका घर बघत फिरत होत्या. कुणीतरी म्हणालं, जुन्यापेक्षा झ्याक झालंय, एका परीनं बरंच झालं म्हणायचं. गोजाबाईनं त्या बाईला हळद-कुंकू लावलं आणि ती पुढं सरकली.

पंगती उठल्यावर, ऊन कलतीला आलं तेव्हा कौशल्याबाई नव्या चुलीपुढं भांडी आवरत होती. गोजाबाईनं वरण ढवळलं, चाखलं, आणि डावा हात न बघता भिंतीकडं नेला. हात सपाट भिंतीवर आपटला. ती थांबली.

"काय गं?"

"हितं कोनाडा व्हता. मिठाचा. गवंड्याला सांगायचं राह्यलं."

"किती वर?"

गोजाबाईनं खांद्याच्या जरा खाली हात धरून दाखवलं. मग तिनं कौशल्याबाईला सांगितलं, की त्या कोनाड्याची खालची कड थोडी कललेली होती आणि मिठाचं भांडं सारखं पुढं सरकायचं. आणि पाच वर्षांत ते एकदाही पडलं नाही, कारण तिचा हात त्याच्या आधी तिथं असायचा. सांगता सांगता तिचे डोळे भरले आणि ती हसलीही. कौशल्याबाईनं मिठाचं भांडं जमिनीवरून उचलून तिच्या हातात दिलं. गोजाबाईनं वरणात मीठ घातलं आणि मागं राहिलेल्या माणसांना जेवायला हाक मारली.